तुरीचं धसकट, चौदा गोळ्या आणि दोन तासांचं अंतर

औसा तालुक्यातल्या एका गावातली ४६ वर्षांची बाई. मे महिन्यात खरिपाच्या तयारीसाठी रानातली धसकटं वेचताना तुरीचं टोकदार धसकट चपलेतून आरपार जाऊन डाव्या तळपायात घुसलं. घरी पाय धुतला, हळद भरली आणि दोन दिवस काम चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजलं, लाल झालं आणि चालताना ठणका लागू लागला, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आत राहिलेला काडीचा तुकडा काढला, जखम धुऊन ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि लाली जिथवर पोचली होती तिथे बॉलपेनने रेघ मारून ठेवली. बाईंना मधुमेह आहे. दोन वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे आणि त्या दिवशी साखर १९० भरली.

चिठ्ठीवर तीन औषधं होती. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड ६२५ मिलिग्रॅम, १-०-१, सात दिवस, म्हणजे चौदा गोळ्या. प्रोबायोटिकची, म्हणजे पोटासाठीच्या जिवंत जंतूंची कॅप्सूल, तीही १-०-१. आणि दुखेल तेव्हा पॅरासिटामॉल. औषध दुकानात दोन्ही पाकिटांवर पेनाने तीच खूण झाली आणि सांगणं एका वाक्यात उरकलं, "काकू, ही एक अन् ही एक, सकाळ-संध्याकाळ."

या प्रकरणाची गाठ इथेच पडली. १-०-१ ही खूण दिवसातून किती वेळा घ्यायचं ते सांगते, घड्याळाची वेळ सांगत नाही. दोन औषधांपुढे एकच खूण असली की माणूस ती दोन्ही तळहातावर घेऊन एका घोटात गिळणार, हे धरूनच चालावं. बाईंनी तेच केलं. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी गरम चहासोबत दोन्ही, रात्री नऊला जेवण झाल्यावर दोन्ही.

काय घडलं

पहिले दोन दिवस पाय बरा वाटला. तिसऱ्या दिवशी दुपारपासून पोटात गुडगुड सुरू झाली आणि रात्रीपर्यंत पाच पातळ संडास झाल्या. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी सहा. रक्त नाही, ताप नाही, पोटात कळ थोडी. पुण्यात कामाला असलेल्या मुलाने फोनवर सांगितलं, "माय, ती पावरची गोळी बंद कर, पोटाची तेवढी चालू ठेव." चौथ्या दिवसाची रात्रीची आणि पाचव्या दिवसाची सकाळची गोळी घेतली नाही. पाचव्या दिवशी दुपारी पाय पुन्हा ठणकू लागला म्हणून बाई परत दवाखान्यात आल्या, तेव्हा लाली पेनाच्या रेघेबाहेर बोटभर सरकलेली होती.

डॉक्टरांनी आधी दोन्ही पाकिटं टेबलावर मांडायला सांगितली. अँटिबायोटिकच्या चौदांपैकी सात गोळ्या शिल्लक. कॅप्सूलच्या दहापैकी एकच शिल्लक. पाचव्या दिवसाच्या दुपारपर्यंत दोन्हींच्या नऊ-नऊ जायला हव्या होत्या. कॅप्सूल नऊ गेल्या होत्या, गोळ्या सातच. रुग्णाने काही न सांगताही कोणतं औषध थांबलं आणि किती वेळा थांबलं, हे पाकिटावरून वाचता आलं. औषधांच्या वेळा ठरवायच्या असतील तर रिकाम्या खणांसकट पाकिटं मागवणं हे तोंडी विचारण्यापेक्षा नेहमीच खात्रीचं.

जुलाब कशाने झाले

मेटफॉर्मिननेही जुलाब होतात. पण इथे तेच औषध, त्याच मात्रेत, दोन वर्षांपासून चालू होतं आणि पोट कधी बिघडलं नव्हतं, म्हणून दोष मेटफॉर्मिनवर जात नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट हे मात्र जुलाबांसाठी ओळखीचंच औषध आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू आपल्याला न पचलेले पिष्ट आणि तंतू कुजवून आतड्याच्या उपयोगी पडणारी आम्लं बनवतात. अँटिबायोटिकने हे जिवाणू कमी झाले की न कुजलेलं पिष्ट आतड्यात पाणी ओढून धरतं. यात क्लॅव्युलॅनेटची वेगळी भर पडते, कारण त्याने आतड्याची हालचालच वाढते. उपाशीपोटी घेतलं तर हा त्रास जास्त होतो. ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. तसं केलं की क्लॅव्युलॅनेटचं शोषणही चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं. सकाळी साडेसहाच्या चहासोबत घेतलेल्या गोळीने हे दोन्ही घालवलं.

वेळेचं अंतरही वाकडं पडलं होतं. साडेसहा ते रात्री नऊ म्हणजे साडेचौदा तास आणि नऊ ते सकाळ साडेसहा म्हणजे साडेनऊ. अमॉक्सिसिलिन रक्तातून झपाट्याने उतरतं, साधारण तासाभरात निम्मं होतं. असं औषध दिवसातून दोनदा द्यायचं तर बारा-बारा तास शक्य तितके सारखे ठेवावे लागतात.

कॅप्सूलचं काय झालं

कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस कुळातल्या जिवाणूंचं मिश्रण होतं, एका कॅप्सूलमध्ये १२५ कोटी. लॅक्टोबॅसिलस हे जिवाणूच आणि अमॉक्सिसिलिन हे जिवाणूंची भिंत बांधू न देणारं औषध. एकाच घोटात दोन्ही गेले की जठरात आणि लहान आतड्याच्या वरच्या भागात, जिथे औषध सर्वात दाट असतं, तिथेच ही गाठ पडते. नऊ कॅप्सूलपैकी सात अशा गाठीतून गेल्या. शेवटच्या दोन एकट्या घेतल्या होत्या, पण तोपर्यंत कॅप्सूल कशा अवस्थेत होत्या हा वेगळाच प्रश्न होता. त्याकडे खाली येतो.

दोन तासांचा नियम इथूनच येतो. जिवाणूंचं प्रोबायोटिक अँटिबायोटिकपासून निदान दोन तास लांब ठेवायचं, म्हणजे औषधाचा दाट लोंढा जठरातून आणि आतड्याच्या वरच्या भागातून पुढे गेलेला असतो. दोन तासांत औषध शरीरातून संपतं, असा याचा अर्थ नाही. रक्तात ते त्या वेळी भरपूर असतं आणि न शोषलेला भाग मोठ्या आतड्यापर्यंत जातोच. अंतराने जिवाणूंची गाठ टळत नाही, फक्त औषधाची सर्वात दाट वेळ चुकवता येते. म्हणून दोन तास ही किमान मर्यादा समजावी. तीन तास मिळत असतील तर तीन घ्यावेत. बारा तासांच्या अंतराने चालणाऱ्या औषधात तेवढी जागा सहज निघते.

अंतर मोजताना बहुतेकांची एक गोष्ट निसटते. प्रोबायोटिकनंतर लगेच अँटिबायोटिक आलं तरी गाठ पडतेच, म्हणून अंतर दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. रात्री आठची गोळी असेल तर साडेसातला घेतलेली कॅप्सूल सकाळच्या गोळीपासून साडेअकरा तास लांब असूनही वाया जाऊ शकते. खरी सोयीची जागा अँटिबायोटिकनंतर दोन ते चार तासांची. त्यापुढे जिवाणूंना आतड्यात खाली सरकायला पुढच्या गोळीआधी मोठा मोकळा वेळ मिळतो.

मात्राही तोकडी होती. अँटिबायोटिकने होणाऱ्या जुलाबांवर मुलांमध्ये झालेल्या ३३ चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला. त्यात प्रोबायोटिक घेतलेल्या मुलांपैकी ८ टक्क्यांना जुलाब झाले, न घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांना. चांगला परिणाम दिसला तो दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू दिलेल्या गटांत. इथे दोन कॅप्सूल मिळून २५० कोटी होतात, म्हणजे पाकिटावरचा आकडा पूर्ण खरा धरला तरी निम्मेच. मोठ्या माणसांत निकाल इतका एकमुखी नाही. ब्रिटनमध्ये दवाखान्यात भरती असलेल्या ६५ वर्षांवरच्या सुमारे तीन हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जिवाणूंच्या मिश्रणाने जुलाब कमी झाले नाहीत. म्हणजे ४६ वर्षांच्या बाईला प्रोबायोटिक देणं वाजवी आहे, पण त्यावर भरवसा टाकून बाकीच्या चुका झाकता येत नाहीत.

आता साठवणीचं. पाकिटावर थंड जागी ठेवण्याची सूचना होती. मे महिन्यात या भागात पारा ४० च्या वर असतो आणि औषधांची पिशवी पत्र्याच्या पडवीत खुंटीला टांगलेली होती. दुपारी पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. वाळवून कॅप्सूलमध्ये भरलेले लॅक्टोबॅसिलस अशा उष्णतेत दिवसागणिक मरत जातात आणि बाहेरून कॅप्सूल जशीच्या तशी दिसते. पाच दिवस तिथे टांगलेल्या पाकिटातल्या १२५ कोटींपैकी किती जिवंत होते, ते पाहून सांगता येत नाही. त्यातच चहा. कडक गरम चहाच्या घोटासोबत कॅप्सूल गिळणं किंवा पुडी चहात टाकणं हे जिवंत जंतूच्या औषधाला कधीच मानवत नाही.

औषध बदललं, घड्याळ बदललं

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आधी जखम बघितली. थोडा पू दाबून काढला, नवी रेघ मारली आणि अँटिबायोटिक तेच ठेवलं, कारण औषध निकामी ठरलं नव्हतं, ते घेतलंच गेलं नव्हतं. चुकलेल्या दोन गोळ्या भरून काढायला एकदम घ्यायच्या नाहीत असं बजावलं. उरलेल्या सात गोळ्या त्या रात्रीपासून नेमाने घ्यायच्या म्हणजे आठव्या दिवशी रात्री संपतील. कोर्स एक दिवसाने लांबला, एवढंच.

रक्त, ताप, पोट फुगणं, आधी कधी दवाखान्यात भरती, असं काही नाही हे विचारून घेतलं. हे प्रश्न वगळू नयेत. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जिवाणू माजला तर आतड्याला सूज येते. तेव्हा प्रोबायोटिकच्या वेळा लावत बसण्यात अर्थ नसतो, शौचाची तपासणी आणि वेगळा उपचार लागतो. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी दुकानातून घ्यायची नाही असंही सांगितलं, कारण असा संसर्ग असेल तर विष आतच कोंडून राहतं. पाण्यासाठी ओआरएसची एक लिटरची पुडी, उकळून गार केलेल्या मोजून एक लिटर पाण्यात सगळी एकदम. अर्धी पुडी तांब्याभर पाण्यात हा प्रकार नको, कारण त्यात क्षारांचं प्रमाण हुकतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

प्रोबायोटिक मात्र बदललं. जिवाणूंच्या कॅप्सूलऐवजी सॅकरोमायसीस बुलार्डी नावाच्या यीस्टच्या २५० मिलिग्रॅमच्या पुड्या दिल्या, दिवसातून दोन. एका पुडीत साधारण ५०० कोटी पेशी असतात. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली. जिवाणूंच्या भिंतीत जे पेप्टिडोग्लायकन असतं ते यीस्टच्या भिंतीत नसतंच, म्हणून अमॉक्सिसिलिनला तिथे धरायला काही सापडत नाही. जिवाणू मारणारं कोणतंही नेहमीचं अँटिबायोटिक बुलार्डीला मारत नाही. तिच्यासाठी दोन तासांचं अंतर सक्तीचं नाही.

तरीही डॉक्टरांनी वेळ वेगळीच लिहून दिली. पुढच्या वेळी औषध दुकानात बुलार्डी संपली आणि त्याऐवजी जिवाणूंचं पाकीट हातात आलं तरी लागलेली सवय चालून जाते. आणि दोन वेगळी कामं दोन वेगळ्या वेळी असली की एक विसरलं म्हणून दुसरं विसरत नाही. चिठ्ठीवरचं १-०-१ खोडून त्यांनी चार ओळी लिहिल्या:

सकाळी ८: न्याहारीच्या पहिल्या घासाला अँटिबायोटिक
सकाळी ११: पुडी, साध्या पाण्यातून
रात्री ८: जेवणाच्या पहिल्या घासाला अँटिबायोटिक
रात्री १०: झोपताना पुडी

सूनबाईंनी विचारलं, "अकराला मामी रानात असल्या तर?" उत्तर साधं होतं. एकतर पाय बरा होईपर्यंत रानात जायचं नाही. आणि पुडी बारा, एक, दोन, कधीही घेतली तरी चालेल, पण आठची गोळी आठलाच. वेळ कधी अडलीच तर प्रोबायोटिक हलवायचं, अँटिबायोटिक हलवायचं नाही. लोक उलट करतात. पुडी घेतली आणि गोळीची वेळ झाली की दोन तास व्हावेत म्हणून गोळी दहाला ढकलतात. संसर्गावरचं औषध अँटिबायोटिक आहे, त्याचं घड्याळ पक्कं राहिलं पाहिजे.

पुडी अर्धा पेला साध्या किंवा माठातल्या पाण्यात ढवळायची आणि लगेच प्यायची. चहा, गरम दूध, गरम वरण यांत नाही. साठवायला पत्र्याची पडवी सोडून माळवदाच्या घरातली आतली अंधारी खोली, झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात. थंड म्हणून माठावर ठेवायची कल्पना पुष्कळांना सुचते, पण माठ पाझरतो आणि वाळवलेल्या यीस्टला ओल लागली की ती आधीच जागी होते आणि पुडीतच मरते.

दह्या-ताकाचं

घरात रोज विरजण लागतं, मग दही पुरणार नाही का, हा प्रश्न या चिठ्ठीसोबत येतोच. गाडग्यातल्या दह्यात जिवंत जिवाणू असतात हे खरं, पण कोणते आणि किती हे विरजणानुसार, उन्हाळ्या-हिवाळ्यानुसार बदलतं. चाचण्यांत ज्या जातींचा उपयोग दिसला त्याच तुमच्या गाडग्यात आहेत असं नाही. म्हणून दही हे अन्न समजावं, पुडीच्या जागी मोजू नये. मऊ भात आणि ताक बाईंना खुशाल खायला सांगितलं, कारण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटच्या कामात दही-दूध आड येत नाही.

हेच औषध डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असतं तर उत्तर बदललं असतं. दुधातलं कॅल्शियम या औषधांना धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. तिथे दही, ताक, दूध दोन तास लांब ठेवायचं ते औषध वाचवण्यासाठी, दह्यातले जिवाणू वाचवण्यासाठी नाही. अंतर दोन्हीकडे दोन तासांचंच दिसतं, पण प्रोबायोटिक चुकून जवळ आलं तर एक पुडी वाया जाते आणि ताक जवळ आलं तर संसर्गावरच्या औषधाची मात्रा कमी पडते.

तीन वेळचं औषध आणि एकत्र गोळी

अँटिबायोटिक आठ-आठ तासांनी असेल, समजा सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १०, तर जिवाणूंच्या प्रोबायोटिकला सकाळी ९ आणि संध्याकाळी ५ या जागा उरतात. दोन्ही बाजूंना तीन-पाच तास मिळतात, पुरतं. अझिथ्रोमायसिन दिवसातून एकदाच घेतात, पण ते पेशींत शिरून दिवसेंदिवस टिकतं. तिथे अंतराने फक्त गिळतानाची दाट गाठ टळते, त्याहून जास्त काही साधत नाही. असं औषध असेल तर यीस्ट निवडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे अँटिबायोटिक आणि लॅक्टिक ॲसिड बॅसिलस एकाच गोळीत घालून विकलेली पाकिटंही पुष्कळ मिळतात, नावापुढे बहुधा एलबी लिहिलेलं असतं. तिथे अंतराचा प्रश्नच बाद होतो, कारण ते शून्य आहे. त्यातला जिवाणू सहसा बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणूची कवची कडक असल्याने तो आम्ल आणि औषध सोसतो हे खरं. पण काम करायला त्याला उमलावं लागतं आणि उमलला की तो साधा जिवाणू होतो, तेव्हा औषध तिथेच असतं. नावात एलबी आहे म्हणून पोटाची सोय झाली असं धरू नये.

नववा दिवस

सहाव्या दिवशी चार संडास, सातव्या दिवशी दोन, त्याही घट्टसर. आठव्या दिवशी एकच, बांधून आलेली. लाली रेघेच्या आत आली. हे कशामुळे झालं, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. गोळी जेवणासोबत गेली, वेळा सारख्या झाल्या, पाणी-क्षार मिळाले, प्रोबायोटिक बदललं, सगळं एकाच दिवशी. अँटिबायोटिकचे साधे जुलाब आपोआपही ओसरतात. पुडीने काम केलं असं म्हणायला या प्रकरणात आधार नाही. घड्याळ लावल्याने चौदाच्या चौदा गोळ्या पोटात गेल्या, हे मात्र नक्की.

नवव्या दिवशी दुपारी बाईंना खाली खाज सुटली, पांढरं जाऊ लागलं. अँटिबायोटिकनंतर, त्यातून मधुमेहात, हे नवल नाही. जिवाणू कमी झाले की कॅन्डिडा ही बुरशी फोफावते. संकोचाने त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. औषध दुकानातून फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल आणून घेतली. आणि शिकवलेलं नीट पाळायचं म्हणून तिच्यानंतर मोजून दोन तासांनी पुडी प्यायल्या. रात्रीची, दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही पुड्याही वेळेवर. अकराव्या दिवशी सूनबाईंनी ड्रेसिंगची वेळ विचारायला फोन केला, त्यात हे कळलं.

नियम इथे पूर्ण उलटा होतो. अँटिबायोटिक बुलार्डीला मारत नाही, पण फ्लुकोनॅझोल बुरशीवरचंच औषध आहे आणि बुलार्डी त्याच कुळातली. त्यातून फ्लुकोनॅझोल रक्तात निम्मं व्हायला साधारण तीस तास लागतात. एका कॅप्सूलचा अंमल पाच-सहा दिवस पुसत नाही. दोन तासांचं, चार तासांचं, बारा तासांचंही अंतर इथे कामाचं नाही. त्या काळात घेतलेली पुडी बाईंना इजा करत नव्हती, निकामी जात होती.

मूळ बेत कोर्सनंतर आणखी एक आठवडा पुडी चालू ठेवण्याचा होता. तो तिथेच सोडला. अँटिबायोटिक संपलेलं, पोट बसलेलं, पुडी मरणारी, मग देण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी जिवाणूंचं प्रोबायोटिक सुरू करायचं का, याचाही विचार झाला. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या अभ्यासात २१ निरोगी माणसांना सात दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल दिलं होतं. त्यानंतर ११ जातींच्या जिवाणूंचं प्रोबायोटिक घेतलेल्या गटात मूळचे जिवाणू परत यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. माणसं थोडी आणि निरोगी होती, पण जुलाब थांबल्यावर महिनोन् महिने कॅप्सूल चालू ठेवण्याविरुद्ध हा दाखला पुरेसा आहे. बाईंना काहीच दिलं नाही. भाकरी, वरण, पालेभाजी आणि ताक एवढंच, आणि साखरेची तपासणी लवकर, कारण साखर चढीच राहिली तर खाज परतते.

बुलार्डी कुणाला देऊ नये, हेही याच फोनवर सांगितलं गेलं, कारण शेजारच्या घरी केमोथेरपी चालू असलेला एक माणूस होता आणि सूनबाई त्यांच्यासाठी चौकशी करत होत्या. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधाने किंवा आजाराने खालावली आहे, ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी घातली आहे, जी बाळं दिवस भरण्याआधी जन्मली आहेत, त्यांच्यात हे जिवंत यीस्ट रक्तात उतरण्याचा धोका असतो. नळी असलेल्या रुग्णाच्या खाटेशेजारी पुडी फोडायचीही नाही, कारण उडालेली भुकटी हातावरून नळीला लागू शकते.

सोळाव्या दिवशी बाई ड्रेसिंगला आल्या. जखम भरत आली होती, खाज गेली होती. पुढचे दोन महिने पुन्हा जुलाब लागले, विशेषतः ताप किंवा रक्तासह, तर चौदा गोळ्यांचा हा कोर्स झाला होता हे ज्याच्याकडे जाल त्या डॉक्टरांना आधी सांगा, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. वीस पुड्यांपैकी अकरा वापरल्या गेल्या होत्या आणि नऊ डब्यात होत्या. नातवाला सर्दी-खोकल्यात अँटिबायोटिक मिळालं तर यातली देऊ का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी पुड्या मागवून बघितल्या. दोन पुड्यांत बोटाने दाबल्यावर भुकटीऐवजी खडा लागत होता, म्हणजे ओल शिरली होती. त्या दोन टाकून दिल्या. उरलेल्या सातांवरची तारीख दाखवली आणि सांगितलं की पोराची मात्रा त्याचे डॉक्टर ठरवतील, तोवर डबा आतल्या खोलीतच राहू द्या.